उगवतीकडून आलेला वारा

गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्यांची रांग होती, आणि रांगेतल्या शेवटच्या टाकीला बांधलेल्या सळईवर एक हिरवी फीत फडफडत होती. वीणाच्या जुन्या साडीचा काठ होता तो. साडी विरली, काठ मात्र अजून जरीनिशी शाबूत होता. तो फाडून तिच्या मुलीने, कृतिकेने, सळईला बांधला आणि जुलैच्या एक तारखेपासून त्याची नोकरी सुरू झाली. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा. काठ कुठे उडतो ते बघायचं, होकायंत्र हातात सपाट धरायचं आणि वारा कुठून आला ते वहीत लिहायचं. शेजारच्या रकान्यात आभाळ. त्याच्या शेजारी पाऊस, सरळ कडांच्या डब्यात पट्टी बुडवून मोजलेला. शेवटचा रकाना आईच्या सांगण्यावरून: कपडे किती वेळात वाळले.

सातवीतल्या मुलीचा शाळेतला प्रकल्प तो. 'मोसमी वारे आणि जलचक्र'. पण तिच्या वडिलांनी, अनुरागने, तो आपल्या अंगावर घेतला होता, जसा घरातला एखादा कर्ता माणूस लग्नाचा मांडव अंगावर घेतो तसा.

अनुराग केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अवर सचिव. लग्नानंतरची बारा वर्षं लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली, आणि दोनच वर्षांपूर्वी, सगळी दिल्ली यमुना ओलांडायला निघाली तेव्हा, हेही निघाले. नोएडात फ्लॅट घेतला. समोर तीन इमारतींची बांधकामं, मागे एक मोकळं मैदान, त्यात म्हशी. सकाळी चार्टर्ड बस, संध्याकाळी चार्टर्ड बस. या उन्हाळ्यात घरात कपडे धुण्याचं यंत्र आलं होतं. त्याचं भलंमोठं खोकं वीणाने बाल्कनीत जपून ठेवलं होतं. चांगलं खोकं टाकवत नाही, म्हणून.

अनुराग मूळचा दापोलीकडचा. पाऊस म्हटलं की त्याचा चेहरा माहेरच्या गोष्टी सांगणाऱ्या बाईसारखा व्हायचा. मे महिन्यात त्यानेच कृतिकेला दोन पराती मांडून दिल्या होत्या. एकीत समोरच्या बांधकामावरून आणलेली वाळू, दुसरीत पाणी. दोन्ही भर उन्हात. दुपारी एकला थर्मामीटर बघितला तर वाळू पन्नासला टेकलेली, पाणी मात्र अजून चौतीसवर.

"बघ," तो म्हणाला होता, "जमीन ही तापट माणूस. लगेच भडकते, लगेच थंड होते. समुद्र शांत, त्याला तापायला वेळ लागतो. आता उन्हाळ्यात राजस्थान, सिंध, आपला हा सगळा उत्तरेचा भाग भट्टीसारखा तापतो. तिथली हवा गरम झाली की काय करते?"

"वर जाते."

"वर गेली की खाली दाब कमी. आणि समुद्रावर हवा थंड, जड, दाब जास्त. मग जास्तीकडून कमीकडे वारा धावणारच. येताना समुद्राची वाफ पदरात बांधून आणतो. पार विषुववृत्ताच्या खालून येतो तो. पृथ्वी फिरते ना, म्हणून विषुववृत्त ओलांडलं की उजवीकडे वळतो, आणि आपल्याकडे येतो नैऋत्येकडून."

"नैऋत्य म्हणजे?"

अनुरागने वीणाकडे बघितलं. वीणा हसली. "साउथ-वेस्ट गं. बाबांच्या गावाकडून."

"अच्छा, साउथ-वेस्ट! मग असं सांगा ना यार बाबा."

मॉडेलही त्यानेच केलं. प्लायवूडवर भारताचा नकाशा. डावीकडे निळाशार अरबी समुद्र, त्याला लागून प्लास्टरचा सह्याद्री, दर खिंड कोरून काढलेली. दापोलीच्या जागी एक लाल टाचणी, जिची प्रकल्पाला काहीही गरज नव्हती. वरच्या बाजूला पांढरा हिमालय, त्याखाली दिल्ली. अरबी समुद्राच्या कोपऱ्यात छोटा टेबलपंखा, त्याच्या तोंडाशी चुरमुऱ्यांएवढे कापसाचे ढग. फक्त एक झालं. प्लायवूडचा तुकडा जरा आखूड निघाला. सह्याद्रीला ऐसपैस जागा दिल्यावर उजवीकडे नागपूर-भंडाऱ्यापर्यंतच जागा उरली. त्यापलीकडे बोर्डच संपला.

"माझं माहेर काठावर लटकलंय," वीणा म्हणाली. ती भंडाऱ्याची. "आणि पुढचा बंगालचा उपसागर?"

"त्याची काय गरज? मुख्य शाखा अरबी समुद्राची."

"हो, पाऊस म्हणजे कोकणवाल्यांची खाजगी जायदादच. आमच्याकडे पाणी टँकरने येत होतं."

"तसं नाही गं..."

"बिल्कुल तसंच आहे," असं म्हणून ती ओट्याकडे वळली आणि कणीक मळता मळता, आईकडून ऐकलेल्या चालीवर स्वतःशीच गुणगुणली:

*उगवतीचा वारा, हाकी मेघांची खिल्लारं*
*बंधूच्या शेतावर, आज पाण्याचं बिऱ्हाड*

अनुरागने ऐकलं, पण त्याच्या लक्षात चाल राहिली, शब्द नाही.

शनिवारी, अठरा तारखेला, शाळेत प्रदर्शन. फाईलही त्याच दिवशी द्यायची. मंगळवारी संध्याकाळी बसमधून उतरून, चहा घेऊन, अनुराग कृतिकेची वही तपासायला बसला. कचेरीत वीस वर्षं त्याने हेच केलं होतं. खालून मसुदा वर यायचा, हा पेन्सिल घेऊन तो दुरुस्त करायचा आणि शेरा मारायचा: स्वच्छ प्रत सादर करावी. त्याच्या हाताखालचे लोक म्हणत, साहेबांकडे मसुदा गेला की आईच्या हाताखालून पोर गेल्यासारखा, न्हाऊन-माखूनच बाहेर येतो.

त्याने पान उघडलं. चौदा दिवस, अठ्ठावीस नोंदी. वाऱ्याच्या रकान्यात कृतिकेने इंग्रजी अक्षरं लिहिली होती, आणि त्यातली एकोणीस अक्षरं एकच होती. ई. ईस्ट. पूर्व.

"कृतू, हे काय?"

"वारा."

"पूर्वेचा?"

"हो. काठ तिकडे उडतो, यमुनेकडे. म्हणजे वारा इकडून आला, मैदानाकडून."

"होकायंत्र उलटं धरत असशील."

"नाही बाबा. सुई लाल बाजूने नॉर्थला..."

"नाहीतर काठ टाकीच्या आडोशाला असेल. वारा टाकीला आपटून फिरतो." तो समजुतीने बोलत होता, त्यात राग नव्हता. "हे बघ, पुस्तकात काय लिहिलंय? तूच वाच."

"साउथ-वेस्ट मॉन्सून."

"मग? सगळ्या देशाचा वारा साउथ-वेस्टचा आणि आपल्या गच्चीवरचा तेवढा ईस्टचा? परीक्षक हसतील ना."

अनुरागने पेन्सिलीने एकेका अक्षरावर हलकी रेघ मारली आणि वर दोन अक्षरं लिहिली. एस, डब्ल्यू. एकोणीस वेळा. मग सवयीने पानाच्या कडेला लिहिलं: स्वच्छ प्रत करावी.

तिने केली. सुवाच्य अक्षरात, मार्जिन आखून, निळ्या शाईत. अनुरागने दोन्ही कागद, वर स्वच्छ प्रत आणि खाली मसुदा, पंच करून हिरव्या नाडीने फाईलला लावले. मसुदा टाकायचा नसतो, हे त्याच्या रक्तातच होतं.

बुधवारी सकाळी सातला तो दाढी करत होता. आरशात त्याला दिसलं, कृतिका सोफ्यावर बसून कार्टून बघतेय.

"गच्चीवर नाही गेलीस?"

"नाही."

"का गं? रीडिंग?"

"तुम्हाला माहीतच आहे ना काय येणार ते," ती टीव्हीवरून नजर न काढता म्हणाली. "तुम्ही भरा."

त्यात उद्धटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, त्याला रागावता आलं असतं. चार्टर्ड बसमध्ये खिडकीशी बसून तो पूल ओलांडत होता तेव्हा ते वाक्य परत परत खाली पडत होतं, गळक्या नळाच्या थेंबासारखं. दोन आठवडे पोर न सांगता उठत होती. पावसात छत्री धरून पट्टी बुडवत होती. रविवारी मामाकडे जायचं तर सहाच्या आत परत येऊ असा हट्ट धरत होती. आणि आता? बुधवारी संध्याकाळी नाही. गुरुवारी नाही, सकाळी नाही, संध्याकाळी नाही. टाकीवरचा काठ एकटाच हजेरी लावत होता.

"अहो, तिला बोलला का काही?" वीणाने गुरुवारी विचारलं.

"नुसतं करेक्ट केलं."

"काय करेक्ट केलं?"

त्याने सांगितलं. वीणाने हातातल्या टॉवेलची घडी घातली. मग म्हणाली, "कपड्यांचा रकाना मी तिला रोज सांगायची. तो पण करेक्ट केलात का?"

"तो कशाला?"

"मग बरंय," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट आणायला खाली गेला. गेटजवळच्या कडुलिंबाखाली इस्त्रीवाली अम्मा कोळशाच्या इस्त्रीत फुंकर घालत होती. ती इटाव्याची.

"बाबूजी, ज़रा रुकिए. अभी नमी है."

"काल सकाळी दिला होता शर्ट, अम्मा."

हे तो हिंदीतच म्हणाला, आणि तिनेही हिंदीतच हात झटकला: "परसों से पुरवाई चल रही है. पुरवाई में कपड़ा सूखता है कहीं? पछुआ चलने दीजिए, घंटे भर में कड़क."

अनुराग शर्टाकडे बघत राहिला. पुरवाई. पूर्वेचा वारा. आणि पछुआ म्हणजे पश्चिमेचा. ही बाई होकायंत्राशिवाय, परीक्षकांशिवाय, रोज सकाळी कोळशाच्या तोंडाशी उभी राहून तेच सांगत होती जे त्याच्या मुलीने एकोणीस वेळा लिहिलं होतं.

"हमेशा पुरवाई में ही बारिश होती है?"

"और काहे में होगी?" अम्माने त्याच्याकडे असं बघितलं, जणू सूर्य कुठून उगवतो असं त्याने विचारलं होतं. "पछुआ में तो लू चलती है."

त्या दिवशी तो अर्धा तास लवकर निघाला, जे कधी होत नसे. घरी आला तो चपलांसकट थेट गच्चीवर. सहाला पाच कमी. आभाळ मळकट, पण यमुनेच्या अंगाला ढगांची एक फट होती आणि तिच्यातून मावळतीकडे कललेला सूर्य दिसत होता. होकायंत्राची गरज नव्हती. हिरवा काठ ताठ उडत होता, आणि त्याचं टोक सूर्याकडे होतं.

तो टाकीला वळसा घालून आला. आडोसा नव्हता; सळई टाकीच्या वर हातभर होती. पोरीने विचार करून बांधली होती. त्याने एक शेवटची आशा धरली: काठ जिकडे उडतो ती दिशा तिने वाऱ्याची म्हणून लिहिली असेल. पण तसं असतं तर वहीत पश्चिम आलं असतं. वाऱ्याचं नाव तो जिथून आला त्या गावावरून पडतं, जसं माणसाचं पडतं. हे त्यानेच तिला शिकवलं होतं, आणि ती ते चुकली नव्हती.

तोंडावर ओलसर, जड हवा आली. मैदानापलीकडून, म्हशींच्या वरून. ती दापोलीची हवा नव्हती. तिला मिठाचा वास नव्हता, भिजलेल्या मातीचा होता.

खाली येऊन त्याने पाठ्यपुस्तक उघडलं. नकाशाचं पान. अरबी समुद्राकडून आलेला जाड बाण त्याने शंभर वेळा बघितला होता. आता त्याने दुसरा बघितला. हिंदी महासागरातून आलेला वारा दक्षिणेच्या टोकाशी दुभंगत होता. एक शाखा सह्याद्रीला. दुसरी बंगालच्या उपसागरावरून उत्तरेला, पुढे हिमालयाची भिंत. भिंत ओलांडता येत नाही म्हणून ती डावीकडे वळत होती आणि गंगेच्या मैदानावरून, पाटणा, अलाहाबाद, कानपूर करत, कमी दाबाच्या लांब पट्ट्याच्या कडेने दिल्लीकडे येत होती. पूर्वेकडून. बाण चांगला ठसठशीत होता. त्याच्या बोर्डावर तो मावलाच नव्हता.

"कृतू."

ती दारात येऊन उभी राहिली.

"तू बरोबर होतीस. आत्ता बघून आलो. वारा पूर्वेचा आहे."

कृतिका आनंदली नाही. "मग पुस्तक चूक आहे?"

"पुस्तकही बरोबर आहे. मी अर्धंच वाचलं होतं. हे बघ." त्याने पुस्तक तिच्यापुढे सरकवलं आणि बोलायचं थांबला. समजावून सांगायला जीभ शिवशिवत होती, पण त्याने ती दातांमागे ठेवली.

तिने बोट दुसऱ्या बाणावर ठेवलं. हळूहळू वर नेलं. हिमालयाशी वळवलं. दिल्लीशी आणलं. मग काय झालं कोण जाणे, बोट थांबलं नाही. दिल्लीहून यमुनेवर गेलं, यमुनेवरून खाली अलाहाबादला, तिथून गंगेत, आणि गंगेबरोबर वाहत वाहत परत बंगालच्या उपसागरात उतरलं.

"बाबा! हे तर गोल आहे."

"काय?"

"इकडचा पाऊस यमुनेत जातो ना? यमुना गंगेत, गंगा इथे. मग इथून वाफ होऊन ढग, ढग परत ह्याच रस्त्याने आपल्याकडे. चक्र! हे जलचक्रच आहे, फक्त मोठ्ठं. बाऊलमध्ये गरम पाणी घेऊन वर प्लास्टिक लावून केलं होतं ना आपण, तसंच. हिमालय म्हणजे प्लास्टिक."

"हिमालय म्हणजे प्लास्टिक," स्वयंपाकघरातून वीणाचा आवाज आला. "ऐका हो ऐका."

"अगं म्हणजे, हवा तिथे वर चढते, थंड होते, मग वाफेचे थेंब होतात," कृतिका ओरडली. आवाजात धार आली होती, तीन दिवसांनी.

"सगळंच पाणी परत नाही येत," अनुराग न राहवून म्हणाला. "काही जमिनीत मुरतं, काही दुसरीकडे..."

"माहितीये बाबा."

"बरं."

मग बाल्कनीतलं खोकं आत आलं. वीणाने ते हसत हसत दिलं. चांगलं खोकं कधीतरी कामी येतंच. त्याच्या एका बाजूतून बंगालचा उपसागर कापला, निळा रंगवला आणि बोर्डाला खिळ्यांनी जोडला. हिमालयाची भिंत पुठ्ठ्याने लांबवली. माहेर आता काठावरून देशाच्या मध्ये आलं. दापोलीची लाल टाचणी काढू का, असं अनुरागने विचारलं तेव्हा कृतिका म्हणाली, "राहू द्या. तिकडेही पाऊस पडतोच ना."

राहिली फाईल. अनुरागने हिरवी नाडी सोडली. स्वच्छ प्रत काढली आणि खालचा मसुदा वर घेतला. त्यावर त्याच्या पेन्सिलीच्या एकोणीस रेघा होत्या. तो खोडरबर शोधायला लागला.

"खोडू नका," कृतिका म्हणाली. "कागद फाटेल. असाच लावा."

"तुझ्या मॅडम विचारतील, या रेघा कसल्या."

"मग सांगू ना."

बुधवार सकाळ ते शुक्रवार सकाळ असे पाच रकाने रिकामे होते. ते कसे भरायचे? इस्त्रीवालीने पुरवाई सांगितली होती, तेवढ्यावर भरता आले असते. पण कृतिकेने मान हलवली, आपण बघितलं नाही तर लिहायचं नाही. पाचही रकान्यांवर तिने एक आडवी रेघ मारली आणि शेऱ्यात इंग्रजीत लिहिलं: निरीक्षण घेतलं नाही. कारण, बाबा.

वीणा इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

शनिवारी प्रदर्शनाच्या वेळी शाळेतली वीज गेली. नोएडात ती जायचीच. टेबलपंखा बंद. कृतिका क्षणभर बावरली, मग तिने वर्गातला एक पुठ्ठा उचलला, उदबत्ती पेटवून उपसागरावर ठेवली आणि हलक्या हाताने वारा घालायला लागली. धुराची दोरी उत्तरेला गेली, हिमालयाच्या पुठ्ठ्याला टेकली, जरा अडखळली, आणि पुठ्ठ्याला धरून डावीकडे सरकत दिल्लीवर आली. पूर्ण नाही, निम्मा धूर छताकडे गेला. पण निम्मा आला.

शालिनी मॅडम पर्यावरण शिकवायच्या. त्यांनी चष्मा कपाळावर सारून धूर बघितला, मग फाईल उघडली. रेघांवर थांबल्या. रिकाम्या रकान्यांवर थांबल्या. शेरा वाचला आणि मान वर केली.

"ये करेक्शन किसने किया?"

कृतिकेने वडिलांकडे बघितलं नाही. ती पुठ्ठा हलवत राहिली.

"मैंने," अनुराग म्हणाला. आजूबाजूला इतर पालक होते, त्यांच्यात त्याच्याच मंत्रालयातले एक होते. "इसकी रीडिंग सही थी, मैडम. मुझे लगा गलत है, तो मैंने काट दी. तीन दिन इसने देखना ही छोड़ दिया. वो गलती मेरी है, इसके नंबर मत काटिएगा."

मॅडमनी पुन्हा पान बघितलं. पूर्वेच्या एकोणीस अक्षरांसमोरचा पावसाचा रकाना बोटाने खाली खाली तपासला. अकरा ठिकाणी पाऊस होता. पश्चिमेच्या सात नोंदींसमोर एकदाच, तोही शिंतोडा. दोनदा वारा पडलेला. कपडे पूर्वेला दिवसभर, पश्चिमेला दोन तास.

"बारिश कभी-कभी अरब सागर की तरफ़ से भी आ जाती है यहाँ," त्या कृतिकेला म्हणाल्या. "तो रीडिंग बंद मत करना. सितंबर तक लिखो. फिर हवा पलटेगी, वो भी लिखना."

"सितंबर तक?" कृतिकेचे डोळे मोठे झाले.

"क्यों, पापा छुट्टी नहीं देंगे?"

कृतिकेने तेव्हा पहिल्यांदा बाबांकडे बघितलं.

रविवारी सकाळी सातला गच्चीवर दोघं होते. ऊन स्वच्छ पडलं होतं. मैदानातल्या म्हशी डबक्यात बसल्या होत्या. हिरवा काठ आज उलटा फिरला होता. त्याचं टोक म्हशींकडे, उगवतीकडे.

अनुराग काही म्हणणार होता. म्हणजे ओठांपर्यंत आलं होतं, की आज पश्चिमेचा दिसतोय.

"थांबा," कृतिका म्हणाली. तिने होकायंत्र तळहातावर सपाट धरलं, सुई स्थिर होईपर्यंत श्वास रोखला. मग वही आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. "मी सांगते. तुम्ही लिहा."

वीस वर्षांत पहिल्यांदाच अवर सचिवांनी दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला. वारा, पश्चिम. आभाळ, निरभ्र. पाऊस, शून्य. खालच्या मजल्यावरून वीणाने हाक मारली, कपडे धुऊन झालेत, दोर मोकळा आहे का?

"आण गं आई!" कृतिका कठड्यावरून वाकून ओरडली. "आज दोन तासांत वाळतील!"